घोषणा बाकावर बसून लिहू नका

*शाळेचं वाचनालय पुन्हा उघडावं म्हणून आमची मुलं फेरी काढणार आहेत. चालण्याच्या ठेक्यात बसेल अशी घोषणा कशी लिहायची?*

साताऱ्यात मी नववीत असताना आमच्या वाचनालयाच्या खोलीत मोडकी बाकं भरून कुलूप घातलं होतं. राजवाड्याहून पोवई नाक्यापर्यंत फेरी ठरली. मराठीच्या सरांनी घोषणा दिली : ‘वाचनालय सुरू करा’. शंभर पावलांत सगळ्यांचे पाय विस्कटले आणि सर म्हणाले, मुलांना शिस्त नाही. ते मला अजून पटलेलं नाही. चूक घोषणेचीच होती.

मात्रा मोजून बघा : ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घ किंवा जोडाक्षराआधीच्या अक्षराच्या दोन. एका पावलाला चार मात्रा धरल्या तर ‘वाच’ तीन मात्रांचं, म्हणजे दुसरं पाऊल ‘ना’च्या मध्यावर पडतं. पुढे सगळंच सरकत जातं, कारण एकूण तेरा मात्रा होतात. म्हणून काहीजण ‘ना’ ओढतात, काही गिळतात. त्या संध्याकाळी मी शाळेच्या मैदानात चालत चालत ही घोषणा केली :

कुलूप काढा, कपाट उघडा
पुस्तक आम्हा वाचू द्या!

कुलूप, काढा, कपाट, उघडा, पुस्तक, आम्हा, वाचू : प्रत्येक शब्द नेमका चार मात्रांचा. कु, का, क, उ, पु, आ, वा, द्या असं आठ वेळा पाऊल पडतं आणि दर वेळी नवा शब्द सुरू होतो. आठ ही सम संख्या, त्यामुळे पुढचं आवर्तन पुन्हा डाव्याच पायावर येतं. ‘द्या’ दोनच मात्रांचा आहे. उरलेल्या दोन मात्रा रिकाम्या ठेवा, तिथे मुलं श्वास घेतात. ‘द्या हो’ म्हणून ती जागा भरलीत तर दहा मिनिटांत आवाज बसतात.

सर म्हणाले, ‘कुलूप’ हा काय घोषणेतला शब्द आहे, ‘ज्ञानमंदिर’ म्हण. पण दारावर कुलूपच होतं! पाचवीतल्या मुलालाही ते दिसत होतं.

पहिली ओळ एकाने म्हणावी, दुसरी सगळ्यांनी. हलगी मिळाली तर वाजवणारा रांगेच्या मधोमध ठेवा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे सत्तर मीटर लांब रांगेत शेवटच्या मुलाला पुढच्या टोकाला वाजलेला ठोका सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याने उशिरा ऐकू येतो. तेवढ्यानेही शेपूट मागे पडते. आमची पडली होती. बिघडलंय का ते तोंडाकडे बघून कळत नाही. मागे उभं राहून पायांचा आवाज ऐका. एकच ‘धप’ येत असेल तर ठीक, पाऊस पडल्यासारखा आला तर थांबवून डाव्या पायापासून पुन्हा सुरू करा.

एक सांगायचं राहिलं. बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गिळतो, म्हणून कागदावरचा हिशोब आणि तोंडातला हिशोब कधीकधी जुळत नाही. तेव्हा पायाचं खरं माना. आणि शिक्षकांना घोषणा आधी दाखवा, पण त्यांनी शब्द बदलला तर त्यांनाही मैदानात दोन फेऱ्या चालायला लावा.