तक्रार साहेबांचीच असेल तर पहिलं पत्र कोणाला?

आमचे मॅनेजर सगळ्यांसमोर अपमान करतात. पण आमच्या विभागाच्या एचआर मॅडम त्यांच्याच बैठकांत बसतात. मग जायचं कोणाकडे?

विभागाला नेमून दिलेल्या एचआरचं रोजचं काम त्या मॅनेजरसोबतच असतं. भरती, बढत्या, बदल्या सगळं दोघं मिळून ठरवतात आणि मॅडमच्या अप्रेझलला मॅनेजरचं मत घेतलं जातं. मॅडम मनाने चांगल्या असल्या तरी हा दबाव राहतोच.

ज्याच्याकडे जायचं त्याच्याबद्दल आधी तीन गोष्टी तपासा. त्याची बढती तुमच्या मॅनेजरच्या मतावर अवलंबून आहे का? मॅनेजरला थांबवण्याचा अधिकार त्याला आहे का? आणि तक्रार आली की तिची नोंद करणं त्याला भाग आहे का? मॅनेजरच्या वरिष्ठांकडे अधिकार असतो, पण ते अनेकदा 'मी बोलतो त्याच्याशी' म्हणतात आणि कागदावर काहीच येत नाही. एचआर नोंद करते, पण मॅनेजरला थांबवणं सहसा तिच्या एकटीच्या हातात नसतं. म्हणून तुमच्या बाबतीत एकच ईमेल दोघांना जाऊ द्या: मॅनेजरचे वरिष्ठ आणि एचआर प्रमुख. कंपनीत कर्मचाऱ्यांच्या तक्रारींसाठी वेगळी टीम असेल तर एचआर प्रमुखांऐवजी ती टीम. बैठकीची तारीख, नेमके शब्द आणि तिथे कोण होतं एवढं लिहा. स्वभावाबद्दलची विशेषणं गाळा.

मी महिन्याला २२ तास ओव्हरटाइम भरला, मॅनेजरनी १४ मंजूर केले. तीन महिने हेच चाललंय. वरच्या साहेबांना सांगू का?

आत्ता नको. हे वरूनच आलेलं असेल तर तुम्ही ज्यांनी सांगितलं त्यांच्याच दारात उभे राहाल.

तुमचं पहिलं पत्र पगार विभागाला, आणि तेही तक्रार म्हणून नव्हे, विचारणा म्हणून: 'गेल्या तीन महिन्यांत मी भरलेले तास, मंजूर झालेले तास, बदल कोणी व कधी केला आणि कोणतं कारण नोंदवलं, हे कृपया कळवावं.' हजेरीच्या बहुतेक प्रणालींत प्रत्येक बदलाची नोंद राहते. शिवाय अशा विचारणेला उत्तर देणं हे त्या विभागाचं नेहमीचंच काम आहे, त्यात कोणाची बाजू घ्यावी लागत नाही.

उत्तरावरून पुढचा माणूस ठरतो. 'आगाऊ परवानगी नव्हती' असं कारण असेल तर आधी नियम वाचा. कदाचित वाद नियमाचा आहे, मॅनेजरच्या वागणुकीचा नाही. कारण न देता फक्त तुमच्याच विभागाचे तास कापले गेले असतील तर मॅनेजरच्या वरिष्ठांकडे जा आणि पगार विभागाचं उत्तर जोडा. मात्र त्या वरिष्ठांच्या हाताखालच्या इतर विभागांतही हीच काटछाट दिसत असेल तर वरिष्ठांना वगळा. मग तक्रार एचआर प्रमुखांकडे किंवा अंतर्गत लेखापरीक्षणाकडे, कारण हा आता हिशेबाच्या नोंदींचा प्रश्न झाला.

एक मात्र करू नका. सहकाऱ्यांच्या पगारपावत्या गोळा करून स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवू नका. मूळ तक्रार बाजूला राहते आणि माहिती बाहेर नेल्याचा ठपका तुमच्यावर येतो, हे मला फार जिवाला लागतं, कारण अशी माणसं बहुतेकदा खरं बोलत असतात.

पोर्टलवर तक्रार टाकली तर मॅनेजरलाच दिसेल का?

दिसू शकते. काही पोर्टलवर रजेच्या अर्जासारखीच तक्रारही आपोआप थेट वरिष्ठाकडे जाते. फॉर्म भरण्याआधी एचआरला नाव-गाव न सांगता विचारा: 'या प्रकारातली तक्रार कोण कोण पाहतं?' स्पष्ट उत्तर मिळालं नाही तर पोर्टल सोडा, ईमेल करा. निनावी हेल्पलाइन असेल तर वापरा, पण फक्त तुम्हालाच ठाऊक असलेला तपशील लिहिलात की मॅनेजर ओळखणारच.

थेट सर्वात वरच्यांना लिहिलं तर?

बहुतेक वेळा तो ईमेल जसाच्या तसा खाली विभागप्रमुखांकडे येतो आणि तिथून मॅनेजरच्या हाती. मधले सगळेच गुंतलेले असतील तरच हा मार्ग.

लैंगिक छळाची तक्रार असेल तर ही उतरंड बाजूला ठेवा. त्यासाठी नेमलेली समिती किंवा अधिकारी असेल तर पहिली तक्रार तिथेच करा. मारहाणीची धमकी असेल तर आधी तिथून बाहेर पडा आणि पोलिसांना कळवा, कार्यालयाला नंतर.

आमचे मॅनेजरच कंपनीचे मालक आहेत.

मग आत कोणीच नाही. वेतनाचा किंवा कामाच्या तासांचा प्रश्न असेल तर पहिलं पत्र सरकारच्या कामगार खात्याला. संघटना असेल तर आधी तिच्या प्रतिनिधीला भेटा; मुदत किती आणि कोणती कागदपत्रं लागतात हे त्यांना माहीत असतं. निव्वळ उर्मटपणाची तक्रार मात्र कामगार खातं सहसा घेत नाही. अशा वेळी नियुक्तीपत्र, पगाराच्या नोंदी आणि मालकांचे लेखी निरोप जपून ठेवा आणि राजीनामा देण्याआधी कामगार कायद्याच्या वकिलांना दाखवा.