चवथीआधी उचल आणि बोनस: माझ्या छापखान्यातली पद्धत

प्रश्न: म्हापशात माझे भाजीपावाचे छोटे हॉटेल आहे. चार माणसे कामाला आहेत. चवथ जवळ आली की प्रत्येकजण ॲडव्हान्स मागतो, वर बोनसही हवा असतो. एकाला दिले की दुसरा रुसतो आणि नाही म्हटले तर माणूस जाईल अशी भीती वाटते. तुम्ही हे कसे सांभाळता?

उत्तर:

माझा फोंड्याजवळ छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुके, फ्लेक्स अशी कामे असतात आणि तुमच्यासारखीच चार माणसे आहेत. पहिली काही वर्षे मीही तोंडावर कारभार केला. जो आधी मागेल त्याला मिळायचे, जो गप्प राहील तो तसाच राहायचा, आणि हिशेब माझ्या डोक्यात.

त्यातून एकदा चांगलाच धडा मिळाला. मशीनवर बसणाऱ्या माणसाने पावसाआधी घराची कौले बदलायला पैसे घेतले होते. नंतर मुलाच्या शाळेसाठी, मग आणखी कशासाठी, असे करत चवथीपर्यंत त्याच्या अंगावर बरीच रक्कम साचली. मी काय केले, तर बोनस काढला, त्यातून सगळी उचल वळती करून घेतली आणि उरलेले पंधराशे रुपये त्याच्या हातावर ठेवले. कागदावर हिशेब अगदी चोख होता. पण माटोळीचे सामान आणायचे, मुलांना कपडे घ्यायचे, आणि माणूस पंधराशे घेऊन घरी गेला. चवथीनंतर तो परत आलाच नाही. आज विचार केला तर चूक माझीच होती. बोनसमधून उचल कापणार हे मी त्याला आधी कधी सांगितलेच नव्हते.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आपण ज्याला सरसकट ‘ॲडव्हान्स’ म्हणतो, त्यात दोन वेगळे पैसे मिसळलेले असतात. महिन्याच्या वीस तारखेला कोणी पाच हजार मागितले तर ते बहुतेक वेळा त्याच्याच झालेल्या कामाचे पैसे असतात, फक्त वाटप व्हायचे असते. ते देण्यात आपण काही उपकार करत नाही. खरी उचल म्हणजे पुढच्या महिन्यांच्या पगारावर घेतलेले पैसे. ते बिनव्याजी कर्ज असते आणि त्यात आपला पैसा अडकतो. बोनस हा तिसरा भाग, त्याचा या दोघांशी काही संबंध नाही. माझ्याकडे वहीत या तिन्हींची वेगळी पाने आहेत आणि एका पानावरची रक्कम दुसऱ्यावर जात नाही.

झालेल्या कामाच्या पैशांसाठी मी कारण विचारत नाही. पंधरा तारखेनंतर, त्या दिवसापर्यंतच्या हजेरीच्या निम्म्यापर्यंत कोणीही घ्यावे, महिन्यातून एकदा. उचलीला मात्र मर्यादा आहे. एका माणसाला जास्तीत जास्त एक महिन्याचा पगार, आणि सगळ्यांची मिळून दुकानाची ठरलेली रक्कम, माझ्याकडे ती 40 हजार आहे. ही दुसरी मर्यादा फार उपयोगी पडते. पूर्वी नाही म्हटले की ‘पात्रांवाचा माझ्यावर राग आहे’ असा अर्थ निघायचा. आता वही उघडून दाखवतो की 36 हजार बाहेर आहेत, चार उरलेत, पुढच्या महिन्यात हप्ते जमा झाले की तुझा नंबर. कोणाच्या अंगावर किती आहे ते मात्र दुसऱ्याला दाखवत नाही, फक्त एकूण आकडा. दवाखान्याचे कारण असेल तर नंबर मोडतो, पण त्याआधी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड आहे का ते विचारतो. पुष्कळदा कार्ड घरात पडलेले असते आणि माणूस पैशांसाठी धावत असतो.

वसुलीचा हप्ता मी पगाराच्या सहाव्या भागाच्या आसपास ठेवतो. कायद्याने एका पगारातून सगळ्या कपाती मिळून निम्म्याच्या वर जाऊ नयेत, पण निम्मा पगार कापला तर तो माणूस पंधरवड्याने पुन्हा उचलीला येणारच. मग तुम्ही वसुली करत नाही, तेच पैसे फिरवत बसता. हे ओळखायचे कसे? एखाद्याचे उचलीचे पान सहा महिने शून्यावर येत नसेल, तर हप्ता मोठा आहे किंवा पगार पुरत नाही. माझ्या एका मदतनिसाच्या बाबतीत दुसरे कारण निघाले आणि मला पगार वाढवावा लागला. बरे वाटले नाही, पण वही खोटे बोलत नाही.

आता चवथीकडे येतो, कारण गोव्यात खरी गोची तारखेची असते. बहुतेक ठिकाणी पगार सात तारखेला होतो. 2026 साली चवथ 14 सप्टेंबरला, म्हणजे ऑगस्टचा पगार हातात पडल्यावर येते. पण 2025 ला ती 27 ऑगस्टला होती. पगाराला अजून दहा-अकरा दिवस आणि घरात गणपती. मग सगळे म्हणतात, ऑगस्टचा पूर्ण पगार आताच द्या. दिलात तर सण छान होतो, पण पुढचा पगार थेट सात ऑक्टोबरला. मधले सहा आठवडे रिकामे. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून उचलीची जी रांग लागते, तिचे मूळ तिथे असते. त्याला कामगारांची उधळपट्टी म्हणणे मला पटत नाही. आपणच त्यांचा पगार पंधरवडाभर अलीकडे ओढलेला असतो.

म्हणून अशा वर्षी मी ऑगस्टचा निम्माच पगार चवथीआधी देतो आणि उरलेला नेहमीच्या सात तारखेला. सणाचा खर्च बोनसने भागायला हवा. 2025 चा मशीनवाल्याचा (तो जुना नव्हे, नंतर आलेला) हिशेब सांगतो. पगार 18 हजार, अंगावर उचल सहा हजार, हप्ता तीन हजारांचा. 25 ऑगस्टपर्यंत त्याचे साधारण साडेचौदा हजारांचे काम झालेले होते, त्यातले नऊ हजार दिले. बोनस 18 हजार, पूर्ण, काहीही न कापता. म्हणजे 27 हजार घेऊन तो चवथीला गेला. सात सप्टेंबरला उरलेल्या नऊ हजारांतून हप्त्याचे तीन कापून सहा हजार मिळाले. उरलेला हप्ता ऑक्टोबरच्या पगारवाटपात. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये माझ्याकडे एकही नवी उचल गेली नाही.

बोनस कुठून आणायचा? चवथीला आपलीही तंगी असते. गिऱ्हाइके ‘चवथीनंतर देतो’ म्हणतात आणि कागदवाला चवथीआधी मागतो. माझा चौघांचा पगार मिळून महिना 60 हजार. त्याचा बारावा भाग, पाच हजार, मी दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकतो. वर्षाला 60 हजार, म्हणजे प्रत्येकाला एका महिन्याचा पगार. कायद्यातला किमान बोनस 8.33 टक्के म्हणतात तोही हाच बारावा भाग. ती सक्ती वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना आहे, तुम्हाआम्हाला नाही. जुना 1965 चा बोनस कायदा तसे सांगायचा आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली वेतन संहिताही तेच सांगते. तेव्हा तुम्हाला बारावा भाग झेपत नसेल तर चोविसावा ठेवा. पण आकडा वर्षाच्या सुरुवातीला सांगा आणि सगळ्यांना एकच हिशेब लावा. एका वर्षी खुशीत जास्त दिले की पुढच्या वर्षी तोच आकडा हक्काचा होऊन बसतो, म्हणून धंदा फार चांगला झाला तर वरची रक्कम मी चवथीला देत नाही. ती एप्रिलमध्ये, वर्षाचा हिशेब झाल्यावर, वेगळी देतो.

बोनसचे वर्ष मी 31 जुलैला बंद करतो, म्हणजे चवथ ऑगस्टअखेर आली तरी हिशेब तयार असतो. वर्षभरात मिळालेल्या एकूण पगाराला बाराने भागायचे. आठ महिने काम केले असेल तर आपोआप तेवढाच निघतो. नव्या माणसाने पूर्ण बोनस मागितला की मी हे गणित त्याच्यासमोरच करतो, वाद होत नाही.

माझ्याकडे एक ख्रिस्ती मुलगा आहे आणि बेळगावकडचा एक मदतनीस. मुलाला नाताळ, मदतनिसाला दिवाळीला गावी जायचे असते. सुरुवातीला मी सगळ्यांना चवथीलाच द्यायचो आणि डिसेंबर आला की मुलगा हळूच उभा राहायचा, “पात्रांव, मात्शे पैशे जाय आशिल्ले.” त्याचा बोनस चवथीच्या दिवसांत खर्च झालेला असायचा. आता जुलैमध्येच विचारतो, कोणत्या सणाला हवा ते सांग. रक्कम तीच, हिशेब तोच, फक्त तारीख त्याची. मात्र त्याचे पैसे खात्यात तसेच राहतील याची काळजी आपली, आणि मधेच काम सोडले तर त्याच्या वाट्याचे द्यायचेच. मिठाईचा बॉक्स, कपडे, पाकीट हे बोनसमध्ये धरू नका. तो वेगळा मान असतो.

‘अंगावर पैसे असले की माणूस टिकतो’ असे सांगणारे तुम्हाला बाजारात भेटतील. त्यांचे ऐकू नका. उचल फिटेपर्यंत काम सोडायचे नाही अशी अट घालणे 1976 च्या वेठबिगारीविरोधी कायद्याच्या कचाट्यात येऊ शकते. कायदा बाजूला ठेवला तरी अडकून पडलेला माणूस मनापासून काम करत नाही. कोणी सोडून गेला तर शेवटच्या पगारातून मर्यादेत जेवढे कापता येते तेवढे कापायचे, उरलेले कधी येतात, कधी बुडतात. एका महिन्याच्या पगाराची मर्यादा याचसाठी आहे.

तुमच्याकडे आत्ता जुनी येणी असतील. नवी पद्धत सुरू करण्याआधी एकेकाला दुपारी गर्दी ओसरल्यावर बसवा आणि तुमचा आकडा आणि त्याचा आकडा समोरासमोर ठेवा. ते जुळणार नाहीत. माझ्याकडे तिघांचे जुळले नव्हते, एकाच्या बाबतीत तर दोन हजारांचा फरक होता. वही नव्हती, म्हणून मी त्यांचा आकडा धरला, प्रत्येक आकड्यावर त्या माणसाने आणि मी सह्या केल्या आणि पुढचे सगळे व्यवहार यूपीआयने ‘उचल’ किंवा ‘पगार’ असे लिहूनच केले. वही बायकोकडे असते. माझ्यापाशी असती तर मी अजूनही कोणाला तरी खिशातून काढून दिलेच असते.