आजोबांच्या वाक्यातला 'एस'

नात आजोबांचं इंग्रजी वाक्य चुकीचं ठरवते आणि शेवटी तेच बरोबर निघतं, ही तुमची कथा वाचली. आजोबांचं वाक्य फक्त जुनाट वाटतं, त्यामुळे नातीची चूक पटत नाही. तिला शाळेतल्या नियमानेच फसू द्या. आजोबा पत्रात लिहितात, 'द डॉक्टर सजेस्टेड दॅट शी टेक रेस्ट.' नात म्हणणार, "आजोबा, शी आहे ना? मग टेक्स!" तिचा नियम खरा आहे, पण इथे लागू नाही. सजेस्ट, डिमांड यांच्यानंतर सूचना किंवा मागणी असेल, तर क्रियापद मूळ रूपातच राहतं. वाक्य भूतकाळी असलं तरी 'टुक' होत नाही.

आता उलगडा. आजोबांच्या तोंडी व्याकरणाचा तास घालू नका, कथा तिथेच आटपते. त्यांना शिंक येऊ द्या. नात सवयीने म्हणेल, "गॉड ब्लेस यू!" आजोबा नाक पुसत विचारतील, "ब्लेसेस का नाही गं?" ही इच्छा, ती सूचना, रूप एकच.

एक जपा. ब्रिटिश वळणात 'शुड टेक'ही चालतं, तेव्हा "माझंच बरोबर" असं आजोबांना म्हणायला लावू नका. आणि 'इन्सिस्ट' शक्यतो टाळा: ती विश्रांती घेतेच असं कुणी ठासून सांगत असेल, तर तिथे 'टेक्स'च बरोबर, आणि नात जिंकेल.