'रबाळे' म्हणायचं असताना तोंडून 'ऐरोली' निघतं, 'प्रतीक्षा यादी'ऐवजी 'परीक्षा यादी'. दोन्ही चुका एकाच जातीच्या का?

नाही, पहिली शब्द निवडताना होते, दुसरी त्याचे ध्वनी शोधताना. रबाळे आणि ऐरोली यांच्या उच्चारात साम्य नाही, पण ठाणे-वाशी मार्गावर ती शेजारची स्टेशनं आहेत. 'परीक्षा'त अर्थाचा संबंध तुटतो, उच्चार मात्र जवळचा राहतो. 'लवकर' आणि 'पटकन' मिळून 'लटकन' झालं, तर पहिल्याच टप्प्यावर दोन समानार्थी शब्द एकदम निवडले गेलेले असतात. भाषेच्या मानसशास्त्राचे अभ्यासक मेरिल गॅरेट यांनी १९७५मध्ये अशा चुकांवरूनच हे टप्पे मांडले. मात्र या टप्प्यांमधली भिंत पक्की नाही: 'कोपरी'ऐवजी 'कोपरखैरणे' अशा, अर्थ आणि उच्चार दोन्ही जुळणाऱ्या चुका योगायोगाने व्हाव्यात त्यापेक्षा जास्त आढळतात. म्हणून त्याच विषयाचे अभ्यासक गॅरी डेल यांच्या बोलण्याच्या प्रक्रियेवरच्या १९८६च्या मॉडेलमध्ये ध्वनींचा प्रभाव उलट शब्दनिवडीवरही पडतो.