'नेहमी', 'कधीही नाही', 'फक्त' असलेला पर्याय चूकच असतो का?

प्रश्न: लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत 'नेहमी', 'कधीही नाही', 'फक्त' असे शब्द आले की तो पर्याय चूकच समजायचा का?

उत्तर: नाही, आधी त्या नियमाला कायद्यात एखादा अपवाद आहे का ते आठवा, एकही सापडला तर पर्याय सोडा. समजा विधान आहे, 'डावीकडून ओव्हरटेक कधीही करू नये'. आपल्याकडे ओव्हरटेक उजवीकडूनच करायचा असतो, म्हणून ते पटकन बरोबर वाटतं. पण पुढचा चालक उजवीकडे वळायचा इशारा देऊन रस्त्याच्या मध्याकडे सरकला असेल, तर त्याच्या डावीकडून जायला परवानगी आहे. एवढ्या एका अपवादाने 'कधीही' कोसळतं. 'सहसा' असतं तर विधान टिकलं असतं.

मात्र काही नियमांना खरोखरच सूट नसते. फाटक किंवा फाटकवाला नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगआधी गाडी थांबवून, रेल्वेगाडी येत नाही ना हे पाहूनच पुढे जायचं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम १३१ सांगतं. तिथे 'नेहमी थांबावे' हेच बरोबर, आणि 'फक्त रात्री थांबावे' चूक. हा फरक शब्दावरून कळत नाही, नियम माहीत असावाच लागतो.