कोरी वही

चि. बाळ,

पत्र मिळालं. शिफ्ट इनचार्ज होऊन महिना झाला आणि रिजेक्शनच्या वहीत तुझ्या शिफ्टचं पान कोरं आहे, हे तू मोठ्या आनंदानं कळवलंस. मला मात्र वाचून धाकधूक झाली. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत तीस वर्षं काढली, पण महिनाभर एकही पीस न बिघडलेली शिफ्ट काही माझ्या पाहण्यात नाही.

माझीच गोष्ट सांगतो. मीही तेव्हा नवाच इनचार्ज होतो. 25 एच7 बोअरचं काम चालू होतं, म्हणजे भोकाचा व्यास 25.000 ते 25.021 मिलिमीटरच्या आत हवा. धातू कापणारा इन्सर्ट झिजत गेला की बोअर लहान येतो, म्हणून ऑपरेटर वेअर ऑफसेट, म्हणजे झिजेची भरपाई करणारा मशीनमधला आकडा, थोडा थोडा वाढवत नेतो. त्या रात्री इन्सर्ट बदलला, पण वाढवलेला ऑफसेट शून्य करायचा राहून गेला. नव्या इन्सर्टनं बोअर मोठा झाला. बैलहोंगलकडचा ऑपरेटर दोन पीस हातात घेऊन आला, "सर, नोगो आत जातोय." बोअर बरोबर असेल तर हा गेज आत जायलाच नको. मी गिऱ्हाइकाशी फोनवर होतो. घड्याळाकडे बघून 'च्च' केलं आणि म्हणालो, "आत्ताच व्हायचं होतं?" एवढंच. ना ओरडलो, ना शिवी दिली.

दीड-दोन महिन्यांनी तीच चूक परत झाली. या वेळी कुणी आलंच नाही. पीस ट्रेमध्ये चांगल्यांत मिसळले आणि फायनल इन्स्पेक्शनला सापडले. तेव्हा दोन होते, आता अख्खा ट्रे मोजत बसलो. त्याच ऑपरेटरला विचारलं तर खाली मान घालून म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही घाईत होता सर." बाकीच्या चौघांनीही तो 'च्च' ऐकला होता, हे मला फार उशिरा उमगलं. माणसं आपल्या मीटिंगमधल्या भाषणावरून शिकत नाहीत. वाईट बातमी आणणाऱ्याचं पहिल्या दोन-तीन सेकंदांत काय होतं, तेवढंच ती बघतात.

म्हणून त्या सेकंदांत काय करायचं ते आधीच ठरवून ठेव. फोन खाली ठेव, त्याच्याकडे वळ आणि पीस हातात घे. "बरं झालं लगेच थांबवलंस. शेवटचा चांगला पीस कुठला?" हा पहिला प्रश्न. उत्तर मिळालं की त्यानंतरचे सगळे पीस बाजूला काढून लाल टॅग लावायचा. कारण नंतर शोधायचं, आणि तेही दोघांनी मशीनपाशी उभं राहून. "कुणी केलं?" हा प्रश्न त्या घटकेला तोंडातच ठेव. कानडीत "यारु माडिद्रु?" म्हणजे "कुणी केलं?" आणि "एन आतु?" म्हणजे "काय झालं?" यांत जे अंतर आहे ना, तेवढंच. दुसऱ्यात माणूस बोलतो. तुझ्या शिफ्टला निम्मे कानडी बोलणारे आहेत, तेव्हा तोडकंमोडकं का होईना, "एन आतु?" म्हणायला शिक.

आणि दुसऱ्या दिवशी त्याला सांग की काय बदललं. आम्ही इन्सर्ट बदलण्याच्या कागदावर 'वेअर शून्य केला?' ही एक ओळ वाढवली. ती त्याच्या बोलण्यामुळे आली, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. ते सांगायला हवं होतं. तक्रार कुठंतरी पोचली हे दिसलं नाही, तर गोड वागणंही फुकट जातं.

मऊ राहायचं म्हणजे सगळं खपवायचं, असं नाही. कुणी मशीनच्या दाराचा इंटरलॉक बांधून ठेवत असेल तर तिथं कडकच वाग. पण ती कारवाई सांगण्याबद्दल नाही, जाणूनबुजून केलेल्या कृत्याबद्दल आहे, हे चारचौघांत स्पष्ट कर. नाहीतर लोक दोन्हीची गल्लत करतात.

आता वहीबद्दल. दोन रकाने कर: पहिला ऑपरेटरनं स्वतः सांगितलेल्या पीसचा, दुसरा इन्स्पेक्शनला सापडलेल्यांचा. तू नीट वागलीस तर पहिल्या रकान्यातले आकडे वाढतील, आणि मालक विचारतील की रिजेक्शन का वाढलं. तयारीत राहा. ॲमी एडमंडसन या संशोधक बाईंनी दोन रुग्णालयांतले आठ विभाग तपासले होते. 1996 मध्ये ते प्रसिद्ध झालं. औषध देण्यातल्या चुका चांगल्या टीममध्ये कमी असतील, असा त्यांचा कयास होता. नोंदी उलट निघाल्या, चांगल्या टीमच्या चुका जास्त. तिथली माणसं जास्त चुकत नव्हती, मोकळेपणानं सांगत होती, असा उलगडा त्यांनी केला. मालकांना हे सांग, पण त्यासोबत दुसरा रकानाही दाखव. दोन्ही वाढत असतील तर मात्र चुकाच वाढल्यात, मग मशीनकडे बघ.

पत्राच्या शेवटी तू सहज लिहिलंस, "एकदा एकानं कूलंटची तक्रार केली, मी म्हटलं नंतर बघू." कोण होता तो? सोमवारी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी त्याच्या मशीनपाशी जा, "त्या दिवशी माझ्याकडून राहून गेलं" म्हण, आणि टाकीचं झाकण त्याच्यासमोरच उघड.

तुझा काका