पाण्याचा रिपोर्ट चांगला आला, तरी मरळ तपासा

प्रश्न : साहेब, आमच्या जुन्या तळ्यात वरच्या रानातलं पाणी उतरतं. वडिलांच्या वेळची डीडीटी पावडर अजून गोठ्यात पडून आहे, काही त्या रानातच सांडली होती. पाण्याच्या तपासणीत औषध आलं नाही. मग मरळ खायला हरकत नाही ना?

उत्तर : रिपोर्ट पाण्यापुरताच धरा. डीडीटी पाण्यात जेमतेम विरघळतं. ते गाळाला चिकटतं आणि जिवाच्या चरबीत मुरतं. अंगात गेलं की लवकर मोडत नाही, लघवीवाटेही फारसं जात नाही. म्हणून खाणाऱ्याच्या अंगात ते वाढतच जातं.

हिशेब मांडू. आकडे ढोबळ आहेत. समजा, पाण्यातल्या बारीक जीवांत किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे ०.१ पीपीएम डीडीटी आहे. लहान माशाचं वजन एक किलोनं वाढायला असे १० किलो जीव लागले, तर पोटात १ मिलिग्रॅम गेलं. त्यातलं ६० टक्के टिकलं, तर माशात ०.६ पीपीएम. मरळीनं असे ५ किलो मासे खाऊन एक किलो वजन धरलं, तर ३ मिलिग्रॅम पोटात, १.८ अंगात. दोन पायऱ्यांत १८ पट! शिवाय मासा कल्ल्यांतूनही थेट पाण्यातलं औषध घेतो, ते वेगळंच.

हे कागदावरचंच नाही. कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकमध्ये चिलटं मारायला १९४९, १९५४ आणि १९५७ साली डीडीडी, म्हणजे डीडीटीचाच भाऊबंद, टाकलं. पाण्यात फार तर ०.०२ पीपीएम होतं, बारीक जीवांत सुमारे ५, आणि मासे खाणाऱ्या, मरून पडलेल्या पाणडुब्यांच्या चरबीत १६००. पाण्याच्या ८०,००० पट. मात्र हा आकडा नुसत्या चरबीचा आहे, अख्ख्या पक्ष्याचा धरला तर बराच कमी भरेल.

सगळीच औषधं अशी साठत नाहीत. मोनोक्रोटोफॉस जहाल आहे, पण पाण्यात विरघळतं आणि चरबीत मुरत नाही. फवारणीनंतर तळ्यात एकदम मासे उलटे झाले, तर ती तत्काळ विषबाधा. डीडीटी साठतं तेव्हा मासा धडधाकट दिसतो, म्हणून नुसतं बघून कळत नाही.

तपासणीला मोठी मरळ कातडी-चरबीसकट आणि तळाचा गाळ द्या. कटला देऊ नका, तो बारीक जीवांवर जगतो, त्यात आकडा कमी येईल. डीडीटीसोबत डीडीई तपासायला सांगा, कारण जुनं डीडीटी बहुतेक त्याच रूपात सापडतं. आकडा ओल्या वजनावर आहे की चरबीवर, हे रिपोर्टवर लिहून घ्या. तोवर मरळ खाऊ नका. पावडर पुरू किंवा जाळू नका, डबा घट्ट बंद करून तालुका कृषी कार्यालयाला कळवा. शेतीत डीडीटी १९८९ पासून बंद आहे.